आठ चाली की एक?

मॅटाडोर पहिल्यांदा समोर आला तेव्हा माझी फौज काही अशक्त नव्हती. चार जण होते, सगळ्यांची ताकद भरलेली होती, औषधांची पिशवीही जड होती. स्पॅनिश बैलझुंजीतल्या लढवय्याच्या पोशाखातला हा सांगाडा. त्यानं वाऱ्याचा एक मंत्र टाकला, मग आणखी एक, मग तलवार चालवली. आता तरी आपली पाळी येईल म्हणून मी थांबलो, तर त्याची पाळी संपेचना. ती संपली तेव्हा माझ्याकडचे दोघे आडवे झाले होते. त्याच्या पुढच्या पाळीत नायकही गेला आणि खेळ खलास.

हा खेळ म्हणजे ‘शिन मेगामी टेन्सेई ३: नॉक्टर्न’. जपानच्या अ‍ॅटलस कंपनीनं तो 2003 साली प्लेस्टेशन 2 वर आणला आणि 2020 मध्ये नव्या रूपात पुन्हा काढला. जगबुडीनंतरच्या टोकियोत अर्धा राक्षस झालेला एक शाळकरी मुलगा भुताखेतांना आणि देवदैत्यांना आपल्या बाजूला वळवतो, अशी त्याची कथा. या गोतावळ्यात शिव, काली, लक्ष्मी, गणेशही भेटतात, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला सुरुवातीला थोडं चुकल्याचुकल्यासारखं होतं. लढाई पाळीपाळीनं चालते. आधी एका बाजूनं आपल्या चाली करायच्या, मग दुसरीनं. इथे घाईनं बटणं दाबून काही साधत नाही; डोकं चालवावं लागतं.

अशा खेळांत तत्त्वांचं गणित असतं, हे पोकेमॉन खेळलेल्या मुलांना पाठ असतं. पाणी आगीवर भारी, आग गवतावर, गवत पाण्यावर. पोकेमॉनमध्ये एकाच प्राण्याचे दोन प्रकार असू शकतात आणि त्या दोघांचे परिणाम एकमेकांशी गुणले जातात. चारिझार्ड आगीचाही आहे आणि उडणाराही. दगडाचा हल्ला दोन्ही प्रकारांवर दुप्पट लागतो, म्हणून चारिझार्डला तो चौपट लागतो. उलट पाणी आणि जमीन असे दोन प्रकार असलेल्या प्राण्यावर वीज टाकली तर पाण्यामुळे दुप्पट होऊ घातलेला मार जमिनीच्या शून्यानं गुणला जातो आणि काहीच लागत नाही. हे गणित सुंदर आहे, पण अखेर प्रश्न एवढाच उरतो, की मार किती बसला.

नॉक्टर्ननं प्रश्नच बदलला. इथे वर्मी घाव बसला की मार जास्त लागतोच, पण खरं बक्षीस निराळं आहे: तुमची पाळी लांबते. कॅरममध्ये सोंगटी खिशात गेली की स्ट्रायकर तुमच्याच हातात राहतो, तसं. या पद्धतीला ‘प्रेस टर्न’ म्हणतात.

पडद्यावर तुमच्या बाजूला जितके जण, तितकी छोटी चिन्हं पेटलेली दिसतात. त्यांना आपण दिवे म्हणू. चार जण असतील तर चार दिवे. साधी चाल केली की एक दिवा विझतो. शत्रू ज्या तत्त्वापुढे कच्चा आहे त्याच तत्त्वाचा हल्ला केला, तर दिवा विझत नाही, नुसता लुकलुकायला लागतो. म्हणजे अर्धाच खर्च झाला. तलवारीचा किंवा पंज्याचा घाव नेमका मर्मावर बसला, तरीही हेच. ‘पास’ म्हणून पाळी पुढच्याकडे ढकलली तरी पेटता दिवा अर्धाच जातो. लुकलुकता दिवा असताना साधी चाल केली किंवा पास केलं, तर तो अर्धा दिवा विझतो.

आता दंड. घाव चुकला, किंवा शत्रूवर त्या तत्त्वाचा परिणामच झाला नाही, तर एकदम दोन दिवे जातात. आणि शत्रूनं हल्ला परतवला किंवा पचवून उलट ताकद भरून घेतली, तर उरलेले सगळेच दिवे विझतात.

समजा समोरचे शत्रू आगीपुढे कच्चे आहेत आणि तुमच्या चौघांकडेही आगीचा मंत्र आहे. पहिल्यानं आग टाकली: एक दिवा लुकलुकता, तीन पेटते. दुसऱ्यानं टाकली, तर नियम असा की पेटता दिवा शिल्लक असेतो लुकलुकत्याला हात लागत नाही. त्यामुळे आता दोन लुकलुकते, दोन पेटते. चौथ्याची चाल झाली तेव्हा चारही दिवे लुकलुकत आहेत आणि एकही विझलेला नाही. पुन्हा पहिल्यापासून चौघांची फेरी होते आणि दर चालीला एकेक अर्धा दिवा संपतो. एका पाळीत आठ चाली झाल्या.

हीच फौज आगीचा हल्ला परतवणाऱ्या शत्रूसमोर उभी करा. पहिल्यानं आग टाकली, ती त्याच्याच अंगावर उलटली आणि पाळी संपली. एक चाल. ताकद तीच, मंत्र तोच, माणसं तीच. अंतर आठ आणि एकचं.

मधला प्रसंगही बघण्यासारखा आहे. पहिल्यानं वर्मावर मारलं, दुसऱ्याचा घाव चुकला. चुकल्यामुळे एक लुकलुकता आणि एक पेटता असे दोन दिवे गेले, दोन उरले, त्यांवर तिसऱ्या आणि चौथ्याच्या साध्या चाली झाल्या. एकूण चार. म्हणजे एका अचूक घावानं कमावलेली चाल एका चुकीनं गमावली. हा हिशेब मनात पक्का बसला, की खेळाडू ‘सर्वात जोरदार मंत्र कोणता’ हे विचारणं सोडतो आणि ‘हा चुकला तर काय’ हे विचारायला लागतो.

बचावाच्या बाजूनं हेच नियम पाहिले की एक गंमत दिसते. इथे कच्चेपणाच्या उलट बाजूला दोन पायऱ्या आहेत. एक ‘रेझिस्ट’, म्हणजे मार कमी लागतो. दुसरी ‘नल’, म्हणजे मुळीच लागत नाही. नुसत्या माराच्या हिशेबानं हा फरक थोडक्यातून शून्यावर येण्याचा, फार मोठा वाटत नाही. पण रेझिस्टमुळे शत्रूचा एकच दिवा जातो, जसा एरवीही गेला असता. नल मात्र त्याचे दोन दिवे खातं. दोनच दिवे असलेल्या बॉसनं असा एक हल्ला केला, की त्याची पाळी तिथेच आटोपली. उलट तुमच्यातला कुणी त्या तत्त्वापुढे कच्चा असेल, तर तोच बॉस दोनाऐवजी चार चाली करतो. एक कच्चा गडी त्याच्या एकट्याच्या जिवावर बेतत नाही, तो सगळ्यांना मार खायला लावतो.

मग एकाच वेळी सगळ्यांवर पडणाऱ्या मंत्राचं काय? समजा चौघांपैकी एक कच्चा आहे आणि एकाला काहीच होत नाही. हल्ला करणाऱ्यासाठी जो निकाल वाईट, तोच धरला जातो. कच्च्याला जबर मार बसतो खरा, पण बाजूच्या नलवाल्यामुळे दोन दिवे जातातच. फौजेत असा एक जण असणं म्हणजे सगळ्यांसाठी छत्री उघडण्यासारखं आहे. भिजणारा भिजतो, पण पाऊस लवकर थांबतो.

आता मॅटाडोरकडे परत. मी हरलो त्याचं कारण या हिशेबात आहे. या खेळात नायक ‘मागातामा’ नावाचे जिवंत किडे गिळतो आणि ज्या वेळी जो अंगात असेल त्याचे गुण-दोष घेतो. माझ्या अंगात शिरानुई होता. तो आगीपासून वाचवतो, पण वाऱ्यापुढे कच्चं पाडतो. आणि मॅटाडोरचा एक मुख्य मंत्र म्हणजे ‘माझान’, सगळ्यांवर एकदम पडणारा वारा. त्याच्या हातात मीच जादा चाली ठेवल्या होत्या. पुढच्या वेळी हिफुमी गिळला, ज्यानं वाऱ्याचा परिणामच होत नाही, आणि वाऱ्यापुढे कच्चे असलेले साथीदार घरी बसवले.

तेवढ्यानं काम झालं नाही. मॅटाडोर ‘रेड कपोटे’ नावाचं लाल कापड फडकवतो आणि त्याची चपळाई एका दमात कमाल होते. त्यानंतर आमचे घाव चुकायला लागले आणि दर चुकीला दोन दिवे गेले. पहिल्या लढाईत मी दिवे त्याला वाटत होतो, दुसऱ्यात वाऱ्यावर सोडत होतो. उपाय नीरस आहे पण चालतो: त्याची चपळाई उतरवणारा किंवा आपली वाढवणारा मंत्र, एकावर एक, चार पायऱ्यांपर्यंत. या चालींनी त्याला एक ओरखडाही उठत नाही. नवा खेळाडू म्हणून त्यांना फुकट समजतो आणि तिथेच हरतो. आपली पाळी मधेच कशी संपली, हे कळत नसेल तर दिव्यांकडे बघावं. एका चालीत दोन गेले तर घाव चुकला किंवा वाया गेला. सगळे गेले तर तत्त्वच चुकीचं निवडलं.

फौज कशी जमवायची हा यातला लांबचा भाग. दोन राक्षस एकत्र करून तिसरा घडवता येतो, आणि त्याच्या आठ जागांपैकी काहींत आईबापांची कौशल्यं उतरतात. एखादं तत्त्व नल करणारं कौशल्य असं पुढच्या पिढीत नेता येतं, पण त्यासाठी हल्ल्याची एक जागा सोडावी लागते. 2003 च्या आवृत्तीत काय उतरेल हे नशिबावर होतं. लोक रद्द, पुन्हा, रद्द, पुन्हा करत अर्धा तास त्या पडद्यासमोर बसत. नव्या आवृत्तीत ते निवडता येतं. माझ्या मते हा बदल योग्यच आहे. तसं बसण्यात कौशल्य नव्हतं, नुसती चिकाटी होती.

एक जागा मात्र अशी आहे जिथे सगळा बचाव एका माणसावर येतो. बाकी तिघे धडधाकट असले तरी नायक पडला की खेळ संपतो. ‘मुदो’ हा अंधाराचा मंत्र मार देत नाही, लागला तर थेट मारतो. त्यामुळे अंधाराचे मंत्र टाकणारे शत्रू असलेल्या इमारतीत शिरताना अनुभवी खेळाडू इतर साऱ्या तत्त्वांचा विचार बाजूला ठेवतात आणि अंधार नल करणारा मागातामाच गिळतात, मग त्यामुळे दुसरीकडे कच्चेपण आलं तरी चालेल म्हणतात.

राहिला ‘मेगिदो’. त्याच्यासमोर बहुतेक कुणालाच संरक्षण नसतं, तो सगळ्यांवर पडतो आणि जबर मारतो. सगळी डोकेदुखी टाळायची तर हाच वापरावा, असं नवख्याला वाटतं. पण ज्याच्यापुढे कुणी टिकत नाही त्याच्यापुढे कुणी कच्चंही नसतं. म्हणून मेगिदोनं दिवा कधीच लुकलुकत नाही. दर वेळी एक अख्खा विझतो, आणि चौघांच्या पाळीत चारच चाली होतात.