मित्राच्या पहिल्या घरासाठी चार ओळी

मित्राने पहिला स्वतःचा फ्लॅट घेतला की ‘हार्दिक शुभेच्छा’ एवढ्यावर थांबू नका. आधी तुम्ही पाहिलेली त्याची धडपड लिहा, मग नव्या घरातली एखादी जागा आणि शेवटी भेटीचा दिवस. उदाहरणार्थ:

‘मित्रा, दर अकरा महिन्यांनी करार संपला की तुझं सामान टेम्पोत चढवायचो. आता भिंतीत बिनधास्त खिळा ठोक. बाल्कनीत तुळस बहरू दे, घर माणसांनी भरलेलं राहू दे. रविवारी चहाला येतो.’

किंमत, चौरस फूट, कर्जाचा हप्ता यांचा उल्लेख टाळा. पूजा ठेवली नसेल तर ‘वास्तुशांती’ऐवजी ‘नव्या घराच्या शुभेच्छा’ लिहा. कार्ड सगळं घर वाचतं, म्हणून वर जोडीदाराचं आणि आईवडिलांचंही नाव घाला.