पिंपाचें घनफल : मुखव्यास, मध्यव्यास व लांबी यांवरून

इ. स. १६१३ (शके १५३५) मध्यें ज्योतिर्विद योहान केप्लर याचा द्वितीय विवाह झाला. त्या सुमारास ऑस्ट्रियांतील लिंझ येथें राहत असतां त्यानें घरासाठीं द्राक्षमद्याचीं पिंपें विकत घेतलीं. विक्रेत्यानें प्रत्येक पिंपाच्या पोटावरील भोकांतून एक मापदंड तिरपा आंत घातला, तो समोरच्या तबकडीच्या खालच्या कडेला टेकविला व दंडावरील खूण वाचून किंमत सांगितली. पिंप लांबट आहे कीं आखूड, हें त्यानें पाहिलें नाहीं. एवढ्या एका मापावरून मद्याचें प्रमाण कसें कळतें, ही शंका केप्लरला आली, व तिच्या विचारांतून १६१५ मध्यें लिंझ येथें छापलेला मद्यपिंपांच्या घनमितीवरील त्याचा लॅटिन ग्रंथ निर्माण झाला. त्या प्रश्नाचा जो भाग व्यवहारास अधिक उपयोगी, तोच आम्हीं येथें घेतला आहे : मुखव्यास, मध्यव्यास व लांबी हीं तीन मापें हातीं असतां पिंपाचें घनफल कसें काढावें, आणि तें कितपत विश्वसनीय असतें.

प्रथम केप्लरची शंका खरी होती कीं नाहीं, तें पाहूं. एका पिंपाची आंतील लांबी ९० सेंटिमीटर, मध्यव्यास ७० व मुखव्यास ६० आहे असें समजा. भोकापासून तबकडीच्या खालच्या कडेपर्यंतचें उभें अंतर दोन्ही व्यासांच्या बेरजेच्या निम्मे, म्हणजे ६५; आडवें अंतर लांबीच्या निम्मे, म्हणजे ४५. भुजकोटिकर्णन्यायानें दंडावर ७९ ही खूण येईल. आतां दुसरें पिंप १२० लांब, ५६ मध्यव्यासाचें व ४७ मुखव्यासाचें घ्या. तेथेंही दंड ७९ च दाखवील. परंतु पुढें दिलेल्या नियमानें पाहतां पहिल्यांत सुमारें ३१६ लिटर मावतात व दुसऱ्यांत सुमारें २६६. दंड तोच व किंमतही तीच. पण दुसरें पिंप घेणारा पन्नास लिटरांस मुकतो. ऑस्ट्रियांतील पिंपें एका ठराविक प्रमाणांत घडविलेलीं असत, म्हणूनच तेथें दंडाचें काम भागत असे. केप्लरला असेंही आढळलें कीं, तें प्रमाण महत्तम घनफलाच्या इतकें निकट आहे कीं घडणीत थोडाबहुत फरक पडला तरी घनफलांत फारसा फरक पडत नाहीं. पिंपाचें प्रमाण बदललें कीं मात्र हा दंड निरुपयोगी होतो.

तीन मापांचा नियम असा. मध्यभागींच्या वर्तुळाचें क्षेत्रफळ दुप्पट करावें, त्यांत एका मुखाचें क्षेत्रफळ मिळवावें, बेरजेस तिहींनीं भागावें व भागाकारास लांबीनें गुणावें. इंग्लंडांत हा नियम सतराव्या शतकांतील गणितज्ञ विल्यम ऑट्रेड याच्या नांवाशीं जोडला जातो. जर्मन भाषेंत त्याचें व्यापक रूप केप्लरच्या नांवानें ओळखतात. अक्षरांत मांडल्यास, D मध्यव्यास, d मुखव्यास व L लांबी असतां,

V = πL(2D² + d²) / 12

याची परीक्षा सोपी आहे. दोन्ही व्यास समान धरले तर पिंप सरळ नळकांड्यासारखें होतें व सूत्रही नळकांड्याचेंच घनफल देतें. मुखव्यास शून्य धरून लांबी मध्यव्यासाएवढी घेतली तर πD³/6, म्हणजे संपूर्ण गोलाचें घनफल येतें. पिंपाचा बाह्याकार दीर्घवृत्ताच्या कंसाप्रमाणें असेल तर हें सूत्र तंतोतंत खरें आहे.

संस्कृत गणिताच्या वाचकास या नियमाचें रूप ओळखीचें वाटेल. भास्कराचार्यांनीं शके १०७२ मध्यें रचलेल्या लीलावतींत खातव्यवहाराच्या प्रकरणीं, तोंड व तळ भिन्न असलेल्या खड्ड्याचें घनफल काढण्यासाठीं मुखाचें फल, तळाचें फल आणि दोहोंच्या भुजांच्या बेरजेवरून येणारें फल, या तिन्हींच्या बेरजेस सहांनीं भागून खोलीनें गुणावयास सांगितलें आहे. भुजांच्या बेरजेवरून येणारें फल म्हणजे मधल्या छेदाच्या फलाची चौपट होय. पिंपाच्या नियमांतही दोन मुखें, मधल्या छेदाची चौपट व सहांचा भागाकार हेंच आहे. भेद एवढाच कीं, खड्ड्याच्या भिंती सरळ उतरत्या असल्यामुळें मधला छेद गणितानें मिळतो. पिंपाच्या फळ्या वांकविलेल्या असल्यामुळें तो प्रत्यक्ष मोजावा लागतो. हा भेद विसरून पिंप म्हणजे तोंडाला तोंड लावलेले दोन छिन्नशंकु असें धरलें, तर वरील पहिल्या पिंपाचें घनफल २९९ लिटर येतें, म्हणजे सुमारें साडेसोळा लिटर कमी. दोन्ही व्यासांची सरासरी घेऊन नळकांडें कल्पिलें तरीही तितकीच तूट येते.

आतां तेंच उदाहरण पूर्ण करूं. लीलावतींतील सूक्ष्म मान, ३९२७ भागिले १२५०, घेतल्यास मध्यवर्तुळाचें क्षेत्रफळ ३८४८.५ व मुखाचें २८२७.४ येतें. पहिल्याची दुप्पट ७६९७; त्यांत दुसरें मिळवून १०५२४.४, तिहींनीं भागून ३५०८.१; नव्वदांनीं गुणून सुमारें ३१५७३० घन सेंटिमीटर, म्हणजे ३१५.७ लिटर. स्थूल मान बावीस सप्तमांश घेतलें तरी फरक लिटरच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढाच पडतो.

खरी चूक मोजणींतच होते. लांबी एक सेंटिमीटर चुकली तर साडेतीन लिटरांचा, मुखव्यास तितकाच चुकला तर पावणेतीन लिटरांचा, परंतु मध्यव्यास चुकला तर साडेसहा लिटरांचा फरक पडतो. म्हणून पोटाच्या भोकांतून काठी सरळ खालीं सोडून मध्यव्यास घेतांना ती तिरपी होऊं देऊं नये, व फळीची जाडी वजा करावी. फळ्या अडीच सेंटिमीटर जाड असून दोन्ही व्यास बाहेरूनच घेतले, तर याच पिंपांत ३६४ लिटरांहून अधिक मावतात असें खोटेंच दिसेल. लांबीही फळ्यांच्या टोकांपासून घेऊं नये. तबकड्या टोकांच्या थोड्या आंत खांचेंत बसविलेल्या असतात, म्हणून एका तबकडीच्या आंतील पृष्ठापासून दुसरीच्या आंतील पृष्ठापर्यंतचें अंतरच लांबी होय. मुख किंचित् लांबट वर्तुळ झालें असेल तर परस्परांस काटकोनांत दोन व्यास घेऊन त्यांची सरासरी करावी.

पिंपाचा आकार नियमास अनुरूप आहे कीं नाहीं, हेंही पाहतां येतें. भोक व तबकडी यांच्या बरोबर मध्यावर पिंपाचा बाहेरील घेर दोरीनें घ्यावा, त्यावरून व्यास काढावा व फळीची दुहेरी जाडी वजा करावी. आमच्या उदाहरणांत तो साडेसदुसष्टाच्या आसपास आला तर नियम बिनधोक वापरावा. तो ६५ कडे झुकूं लागला तर फळ्या फक्त मध्याशींच वांकविलेल्या असून बाजूंस जवळजवळ सरळ आहेत असें समजावें, व नियमाचें उत्तर जास्त येईल हें ओळखावें. अशा वेळीं तोच नियम अर्ध्या पिंपास लावावा : मध्याचें क्षेत्रफळ, या चौथ्या मापाच्या क्षेत्रफळाची चौपट व मुखाचें क्षेत्रफळ मिळवून सहांनीं भागावें आणि पूर्ण लांबीनें गुणावें. चौथें माप ६६ आलें तर उत्तर ३०५.४ लिटर येतें. मध्य व मुख यांच्या दरम्यान एक दोरी फिरविण्याच्या श्रमानें दहा लिटरांचा वाद मिटतो. विकणारा व घेणारा दोघेही समोर उभे असतां ती फिरवावी, हेंच उत्तम.