दोन इंचांवरचा गोंगाट

"मामा, परत गेला आवाज!" गेल्या पावसाळ्यात ही हाक आमच्या घरात दिवसातून दहा वेळा ऐकू यायची. भाची पुण्यात आमच्याकडे राहते आणि घरूनच ग्राहकसेवेचं काम करते. कानावर बिनवायरीचा हेडसेट, टेबलाखाली सीपीयू आणि सीपीयूच्या पाठीमागे खोचलेलं हेडसेटचं नखाएवढं डोंगल, असा तिचा संसार. पलीकडचा ग्राहक खाते क्रमांक सांगू लागला की नेमके मधले दोन आकडे गायब व्हायचे. हेडसेट खराब निघाला असं आम्ही धरून चाललो. दुकानदाराने काही कुरकुर न करता तो बदलून दिला. चार दिवसांत नवाही तसाच तुटू लागला, तेव्हा कुठे आमचं लक्ष हेडसेटवरून उठलं.

पहिला संशय इंटरनेटवर होता. तो खरा की खोटा हे ठरवायची एक सोपी युक्ती आहे. कॉम्प्युटरमध्ये आधीच साठवलेलं एखादं गाणं लावायचं आणि इंटरनेट बंद करून हेडसेटवर ऐकायचं. गाणं स्वच्छ वाजलं तर दोष नेटचा. तेही तुटलं तर दोष डोंगल आणि कान यांच्यामधल्या हवेत. भाचीने पाच मिनिटांचं गाणं लावलं आणि कागदावर रेघा ओढत मोजलं. आवाज चौदा वेळा तुटला. हा चौदाचा आकडा पुढे आमची मोजपट्टी झाला.

हवेत एवढं काय बिघडलेलं असतं? असे हेडसेट 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओपट्ट्यात बोलतात. हा पट्टा 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्झ, म्हणजे अवघा 83.5 मेगाहर्ट्झ रुंद. ठरावीक ताकदीच्या आत राहणाऱ्या उपकरणांना इथे परवाना लागत नाही, त्यामुळे सगळ्यांनी इथेच गर्दी केली आहे. घरातलं वायफाय, ब्लूटूथ, बिनवायरीचे माऊस आणि कीबोर्ड, स्मार्ट बल्ब, सगळे याच पट्ट्यात. मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा अन्न गरम करतो तो 2.45 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींनी. आठशे वॅटच्या ओव्हनमधून दहा हजारातला एक हिस्सा बाहेर झिरपला, तरी ते 80 मिलिवॅट होतात. माणसाला त्याचा त्रास नाही, पण डोंगल बोलतं तेच मुळी काही मिलिवॅटच्या ताकदीत.

गर्दीचा फटका वेबपानाला बसत नाही आणि हेडसेटला बसतो, याचं कारण वेळ. आवाजाचे काही मिलिसेकंदांचे छोटे छोटे पुडे करून डोंगल ते पाठवतं. एखादा पुडा गोंगाटात हरवला तर पुन्हा पाठवतं. वेबपान अर्धा सेकंद उशिरा उघडलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. बोलण्यात मात्र उशीर चालत नाही, म्हणून हे हेडसेट हाताशी फार थोडा साठा ठेवतात. तेवढ्या वेळात पुडा पोचला नाही की कानात शांतता. मोबाइलच्या ब्लूटूथवर गाणी ऐकताना साठा मोठा असतो, त्यामुळे तिथे तीच गर्दी निभावून जाते.

आमच्या घरातला सगळ्यात मोठा गोंगाट मात्र वायफायचा नव्हता आणि ओव्हनचाही नव्हता. तो सापडला केवळ भाचीच्या एका वाक्यामुळे. "मामा, तुम्ही फोटो कॉपी करायला लावले की जास्त तुटतं." घरातले जुने फोटो मी तिच्याच कॉम्प्युटरवरून एका बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवत होतो. टॉर्च घेऊन सीपीयूच्या मागे वाकून बघितलं, तर डिस्कची पिन आतून निळ्या असलेल्या खाचेत होती आणि तिच्या शेजारच्याच खाचेत डोंगल. दोघांत जेमतेम दोन इंचांचं अंतर.

निळी खाच म्हणजे बहुतेक वेळा यूएसबी 3. तिच्यातून सेकंदाला पाच अब्ज बिट इतक्या वेगाने माहिती धावते. त्या धावपळीचा विद्युत गोंगाट एका जागी राहत नाही, तो फार मोठ्या पट्ट्यावर पसरतो आणि 2.4 गिगाहर्ट्झ नेमका त्याच्या पोटात येतो. इंटेल कंपनीने 2012 साली या विषयावर तांत्रिक टिपण काढून हेच मोजून दाखवलं होतं. हा गोंगाट वायरीच्या आणि पिनेच्या फटींतून बाहेर येतो आणि शेजारच्या डोंगलच्या कानात ओततो. गाळणी लावून तो काढता येत नाही, कारण डोंगलला जे ऐकायचंय त्याच वारंवारतेवर तो असतो. उपाय एकच, लांब जाणं.

आम्ही आधी डिस्क काढून तेच गाणं पुन्हा लावलं. चौदाचे पाच झाले. मोठा चोर सापडला होता, पण लहान चोर अजून घरात होते.

आता डोंगलची जागा बघितली. सीपीयूचा डबा पत्र्याचा आणि डोंगल त्याच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून. म्हणजे हेडसेटकडून येणारी लहर पत्र्याला वळसा घालून किंवा भिंतीवर आपटून पोचणार. त्यात माणसाचं शरीर. आपल्या अंगात बराचसा भाग पाण्याचा आणि पाणी या लहरी चांगल्याच शोषतं. भाचीचा सीपीयू तिच्या उजव्या पायाशी होता. ती वहीत काही टिपायला डावीकडे झुकली, की हेडसेट आणि डोंगल यांच्यामध्ये तिचं स्वतःचंच अंग यायचं. आवाज बरोबर त्याच वेळी जास्त तुटायचा. तुमचा आवाजही मान वळवली की तुटत असेल, तर गोंगाटाआधी डोंगलच्या जागेवर संशय घ्या.

कोपऱ्यावरच्या दुकानातून दीडशे रुपयांची एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर आणली. आणताना ती यूएसबी 2 चीच मागून घेतली. आवाजाला तेवढा वेग पुष्कळ होतो. ती सीपीयूच्या पुढच्या बाजूच्या काळ्या खाचेत लावली आणि डोंगल वर टेबलावर, मॉनिटरच्या एका बाजूला दुहेरी चिकटपट्टीने बसवलं. भाचीच्या कानापासून दोन फुटांवर, मध्ये काहीही नाही. डिस्क पुन्हा मागे जोडली. आता तिच्यापासून डोंगल वीस इंच लांब होतं, म्हणजे आधीच्या दहापट. मोकळ्या हवेत अंतर दहापट झालं की पोचणारी ताकद साधारण शंभरावा हिस्सा उरते. डिस्क चालू ठेवून तेच गाणं लावलं. दोनदा तुटलं.

उरलेले दोन वायफायच्या नावावर होते. कारण ते संध्याकाळी वाढायचे, आजूबाजूच्या घरांत टीव्ही आणि मोबाइल सुरू झाले की. कुठलं वायफाय कुठल्या चॅनेलवर आहे हे विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर दिसतं, फक्त कॉम्प्युटरमध्ये वायफाय हवं आणि ते चालू हवं:

```
netsh wlan show networks mode=bssid
```

यादीत प्रत्येक नावाखाली `Signal` आणि `Channel` अशा ओळी येतात. आमच्या इमारतीतली एकोणीस नावं दिसली. त्यातली अकरा चॅनेल 6 वर, आणि त्यात सगळ्यात जोरदार आमचंच. राउटर तिच्या टेबलापासून सहा फुटांवर. शेजाऱ्यांचे राउटर भिंतींपलीकडून कुजबुजत होते, आमचा मात्र कानाशी ओरडत होता.

राउटरच्या सेटिंगचं पान उघडलं (बहुतेकांचं `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` वर असतं, नेमका पत्ता राउटरच्या बुडाशी चिकटवलेला असतो). तिथे 2.4 गिगाहर्ट्झच्या खान्यात `Channel` पुढे `Auto` होतं आणि `Channel Width` पुढे `40 MHz`. म्हणजे 83.5 पैकी 40, जवळजवळ अर्धा पट्टा एकट्या आमच्या राउटरने अडवलेला. रुंदी `20 MHz` केली आणि चॅनेल 1 निवडला. आता आमचं वायफाय 2402 ते 2422 एवढ्या कोपऱ्यात बसलं. अशा अनेक हेडसेटना आपली जागा सतत बदलत राहायची सवय असते. जिथे पुडे वारंवार हरवतात ती जागा ते टाळू लागतात. पण टाळायला मोकळी जागा उरली पाहिजे, आणि ती आपणच करून द्यायची असते.

इथे एक मोह टाळावा. यादीत चॅनेल 3 किंवा 4 वर कोणी नाही म्हणून ते निवडू नयेत. दोन चॅनेलच्या मध्यांमध्ये अंतर फक्त 5 मेगाहर्ट्झचं आणि वायफायला जागा लागते वीसची. त्यामुळे 3 वर बसलेला राउटर 1 आणि 6 या दोघांच्याही अंगावर सांडतो. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचं ऐकून आळीपाळीने बोलतात, अर्धवट अंगावर आलेल्यांना ते धड जमत नाही. म्हणून 1, 6 आणि 11 यांतलाच एक घ्यावा.

शेवटी घरातला टीव्ही आणि आमचे मोबाइल राउटरच्या 5 गिगाहर्ट्झच्या वायफायवर नेले. तो पट्टा वेगळा, हेडसेटचा त्याच्याशी संबंध नाही. त्याची लहर भिंतीतून तितकी नीट जात नाही, त्यामुळे आतल्या खोलीतला स्मार्ट प्लग जुन्याच जागी राहिला. तसाही त्याला 5 गिगाहर्ट्झ कळतच नाही. त्या संध्याकाळी गाणं एकदाही तुटलं नाही.

हे सगळं करूनही काही गोष्टी हाताबाहेरच्या राहतात. शेजाऱ्याचा राउटर आपण बदलू शकत नाही आणि ओव्हन चालू असताना स्वयंपाकघरात उभं राहून बोललं तर आवाज आजही तुटतो. डोंगलचा स्वतःचा चॅनेल हाताने निवडायची सोय मोजक्या हेडसेटमध्ये असते, आमच्यात नाही. पण हेडसेट परत करायला निघण्याआधी साठवलेलं एक गाणं, एक कागद आणि दीडशे रुपयांची वायर एवढं करून बघा. आम्ही दुकानदाराला परत केलेला पहिला हेडसेट बहुधा धडधाकट होता.