रंग, रक्त की सावली?

माझी भाची घरी आली की आल्या-आल्या तिला एकच प्रश्न ऐकावा लागतो, "झोपत नाहीस का गं?" खरं तर ती साडेदहालाच आडवी होते. तरी डोळ्यांखाली काळी वर्तुळं आहेतच. त्यापायी तिने तीन महागडी अंडर-आय क्रीम संपवली. चौथी ट्यूब मैत्रिणीच्या सांगण्यावरून केमिस्टकडून आणली. तिने मात्र पंधरा दिवसांत फरक पडला. दीड महिन्याने पापण्या लाल होऊन चुरचुरायला लागल्या आणि ट्यूब बंद केली की काळेपणा दुप्पट. तेव्हा मी तिला घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले.

डॉक्टरबाईंनी आधी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. "यातलं शेवटचं स्टेरॉइड आहे," त्या म्हणाल्या. "चेहऱ्यावरच्या वांगासाठी थोडे दिवस, आमच्या देखरेखीत देतो आम्ही. डोळ्यांखाली महिनोन् महिने लावायचं नाही." स्टेरॉइडने सूज आणि रंग आधी उतरतो, म्हणून क्रीम लागू पडल्यासारखं वाटतं. पण त्याने कातडी पातळ होते, खालच्या शिरा जास्त दिसायला लागतात. पापण्यांवर फार काळ लावलं तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू आणि पुढे मोतीबिंदूचाही धोका असतो. म्हणजे जे झाकायला क्रीम आणलं, तेच त्याने उघडं पाडलं.

मग त्यांनी भाचीला खिडकीशी उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि हातात आरसा दिला. ही तपासणी घरीही करता येते. चेहरा धुतलेला हवा, काजळ-पावडर नको.

आधी त्यांनी बोटाने डोळ्याखालची कातडी हलकेच खाली ओढली. काळसर-तपकिरी डाग कातडीबरोबर खाली सरकला आणि तेवढाच गडद राहिला. हा रंग, म्हणजे मेलॅनिन. नाकाजवळच्या कोपऱ्यात मात्र कातडी ताणल्यावर निळसर-जांभळी झाक उलट जास्तच उठून दिसली. ते रक्त. मग त्या म्हणाल्या, "आता हनुवटी वर कर." डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून गालाकडे तिरकी उतरणारी एक काळी रेघ होती, ती उजेड सरळ पडताच जवळजवळ नाहीशी झाली. ती रेघ म्हणजे नुसती सावली. काळं वर्तुळ एकच दिसत होतं, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी होत्या. बहुतेकांचं असंच असतं.

यातला निळेपणा कुठून येतो? डोळ्याखालची कातडी अंगावरच्या सगळ्यांत पातळ कातड्यांपैकी एक, जेमतेम अर्धा मिलिमीटर. कांद्याच्या पापुद्र्यासारखीच म्हणा. तिच्याखाली चरबी नसल्यासारखीच, लगेच स्नायू आणि शिरा. आतलं रक्त गडद लालच असतं, पण कातडीतून परतणाऱ्या प्रकाशात निळ्याचा वाटा राहतो, म्हणून शीर निळी दिसते. वय वाढतं तशी कातडी आणखी विरळ होते. जागरणाने चेहरा फिकटला की तीच शीर ठळक होते. जागरणाचा दोष एवढाच, ते नवा रंग तयार करत नाही.

भाचीच्या बाबतीत यात आणखी एक धागा होता. डॉक्टरबाईंनी विचारलं, "सकाळी शिंका येतात?" आम्ही दोघी हसलो. उठल्यावर दहा-बारा शिंका, मग तळव्याने नाक खालून वर चोळायचं आणि मुठीने डोळे, हा तिचा शाळेपासूनचा नेम. धुळीतल्या सूक्ष्म कीटकांची ॲलर्जी. नाक आतून सुजलं की डोळ्याभोवतीच्या शिरांमधलं रक्त नीट उतरत नाही. मोरी तुंबली की पाणी मागे न्हाणीत चढतं, तसं ते डोळ्याखाली साचतं आणि जांभळं दिसतं. खालच्या पापणीखाली तिला दोन बारीक आडव्या घड्या आहेत, त्याही ॲलर्जीवाल्यांमध्ये बऱ्याचदा दिसतात. चोळण्याने तर दुहेरी नुकसान. सावळ्या कातडीला सतत घर्षण झालं की ती जास्त मेलॅनिन बनवते. म्हणजे ॲलर्जीने आधी रक्त तुंबलं आणि खाजवण्याने वर रंग चढवला.

आता क्रीमचं बघू. व्हिटॅमिन सी, कोजिक ॲसिड, रेटिनॉल ही द्रव्यं कातडीच्या वरच्या थरातला रंग कमी करू शकतात, तेही दोन-तीन महिन्यांनी आणि सनस्क्रीन रोज लावलं तरच. पण आपल्याकडच्या अनेकांचा रंग खालच्या थरातही उतरलेला असतो, तिथे क्रीमचा हात पोचत नाही. कॅफीनच्या जेलने किंवा गार काकडीने शिरा थोडा वेळ आकसतात, तासा-दोन तासांत परत होत्या तशा. सावलीला तर क्रीम काहीच करू शकत नाही. डोळा आणि गाल यांच्यामधला खळगा हाडाच्या आणि चरबीच्या ठेवणीचा असतो. तो भरायला हायल्युरॉनिक ॲसिडचं इंजेक्शन देतात. ते काही महिन्यांनी विरतं, पातळ कातडीत उथळ बसलं तर स्वतःच निळसर दिसतं, आणि क्वचित रक्तवाहिनीत गेलं तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून हे काम पार्लरमध्ये करून घेण्याचं नाही. लेसरने तर सावळ्या कातडीवर कधी कधी डाग आणखी गडद होतो. लिंबाचा रस लावणाऱ्यांचंही तेच होतं. कातडी चुरचुरते आणि चुरचुरलेली जागा काळी पडते.

भाचीला चार गोष्टी मिळाल्या. ती ट्यूब बंद, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या पद्धतीने. नाकात मारायचा स्प्रे रोज, डोकं किंचित पुढे झुकवून, नळीचं टोक मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेरच्या बाजूला वळवून. हा दोन दिवसांत गुण देत नाही, दोनेक आठवडे थांबावं लागतं. उशीचे अभ्रे आणि चादर दर आठवड्याला कडकडीत पाण्यात. डोळे खाजले की चोळायचे नाहीत, गार ओलं फडकं ठेवायचं.

चार महिन्यांनी निळेपणा बराच उतरला. तपकिरी रंग उजळला, गेला नाही. माझ्या बहिणीचे डोळे असेच आहेत, आमच्या आईचेही, तेव्हा तो पुरता जाणार नाही हे डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं. कुठे लग्नाला जायचं असेल तर ती नारिंगी छटेचा करेक्टर लावते. निळ्यावर नारिंगी बसलं की निळं मारलं जातं, त्यावर कन्सीलर. रात्री धुतलं की पुन्हा पहिलं.

एका गोष्टीची मात्र वाट बघायची नसते. वर्तुळ एकाच डोळ्याखाली असेल, अचानक आलं असेल, सोबत सूज किंवा दुखणं असेल, तर क्रीम शोधू नका, डॉक्टर गाठा. काचबिंदूचे काही थेंब घेणाऱ्यांच्या पापण्या काळ्या पडतात. तेही डॉक्टरांना सांगायचं, थेंब मनाने थांबवायचे नाहीत.

दिवाळीत भाची आली. आजीने चष्मा सरसावून तोच प्रश्न विचारला, "झोपत नाहीस का गं?" ती आजीच्या पुढ्यात बसली आणि तोंड वर ट्यूबलाइटकडे केलं.

"आता बघ, आज्जी. अर्धं तर गेलं ना? उरलंय ते तुझंच आहे."