पावती दाखवा, पण किती?

मेन्टेनन्स भरला की सोसायटीच्या ग्रुपवर यूपीआयचा स्क्रीनशॉट टाकायची पद्धत पडली आहे. खजिनदाराला लागते ती रक्कम, तारीख आणि 12 आकडी यूटीआर क्रमांक. एवढं उघडं ठेवा. यूपीआय आयडी मात्र झाका, कारण त्यात बरेचदा मोबाइल नंबरच असतो. खाते क्रमांक आणि प्रोफाइलमधला चेहराही झाका. वर डोकावणारं नोटिफिकेशन विसरू नका, ओटीपी नेमका तिथेच असतो!

झाकायला हायलायटर नको. त्याची शाई पारदर्शक असते. चार वेळा फिरवून काळी दिसली, तरी ब्राइटनेस वाढवला की आकडे पुन्हा वाचता येतात. भरीव रंगाचा चौकोन ठेवा, किंवा सरळ क्रॉप करा.