अक्षरी रुपये किती?

गणेशमंडळाच्या भंडाऱ्याचं किराणा बिल असो, मंडपवाल्याचं असो की सोसायटीच्या प्लंबरचं, छापील बिलबुकाच्या तळाशी एक ओळ असते : ‘अक्षरी रुपये’. हिशेब तपासणारे बहुतेक जण अंकांच्या बेरजेवर नजर टाकतात आणि ही ओळ सोडून देतात. काही जण ती वाचतात, पण आधी अंक पाहून मग. तिथेच तपासणी वाया जाते. अंक डोळ्यांत बसला की अक्षरांत ‘शहाऐंशी’ लिहिलेलं असलं तरी आपण ‘शहाण्णव’ वाचतो. घाईच्या हस्ताक्षरात ‘ऐंशी’ आणि ‘ण्णव’ या शेपट्या फराट्यासारख्याच दिसतात, आणि फराट्याचा अर्थ मन आपल्या सोयीने लावतं.

म्हणून पहिला नियम असा, की अंकांवर हात ठेवायचा. फक्त अक्षरी ओळ वाचायची आणि कोऱ्या कागदावर तिचे अंक स्वतः मांडायचे. त्यासाठी डावीकडून चौकटी आखाव्यात : लाख, हजार, शे आणि उरलेले. ‘लाख’, ‘हजार’, ‘शे’ हे शब्द जिथे येतात तिथे ओळ तोडायची आणि प्रत्येक तुकडा त्याच्या चौकटीत टाकायचा. जी चौकट रिकामी राहील तिथे शून्य. हे शून्यच सर्वांत जास्त वेळा सुटतं. ‘सात हजार तेवीस’मध्ये शे नाहीत, म्हणून ७,०२३. घाईत मात्र ७२३ लिहिलं जातं.

तुकडे पाडताना दोन ठिकाणी थांबावं लागतं. एक म्हणजे ‘पंधराशे’, ‘अठराशे’ असे शब्द. इथे शेच्या चौकटीत दोन अंकी संख्या आली, की तिचा दशक हजाराच्या चौकटीत सरकवायचा. ‘अठराशे पन्नास’ म्हणजे १,८५०. दुसरं ठिकाण म्हणजे सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच. हे शब्द पुढे येणाऱ्या एककाचा भाग सांगतात. साडेसात हजारातला ‘साडे’ म्हणजे अर्धा हजार, म्हणून ७,५००. सव्वादोनशे म्हणजे दोनशे आणि शंभराचा पाव, २२५. पावणेदोनशे म्हणजे दोनशेतून पाव शंभर वजा, १७५. त्याच हिशेबाने पावणेदोन लाख म्हणजे १,७५,०००. मागे संख्या नसलेला ‘सव्वाशे’ १२५ असतो. तो ‘सव्वासहाशे’चा, म्हणजे ६२५चा, अर्धवट वाचलेला तुकडा तर नाही ना, हे पाहून घ्यावं.

उरलेल्या चौकटीतली, म्हणजे शंभराच्या आतली संख्या खरी कसोटी घेते. मराठीत या शब्दांत बहुतेक वेळा एकक आधी येतो आणि दशक नंतर. ‘त्रेसष्ट’मध्ये तीन आधी ऐकू येतो, साठ मागून. लिहिताना मात्र सहा आधी लागतो. त्यामुळे कुणी रक्कम सांगतो आणि दुसरा लिहितो, तेव्हा ६३च्या जागी ३६ उतरण्याची शक्यता भाषेतच बसलेली आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांबरोबर ‘साठ तीन’ असं वाचनही आलं आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. त्या वादाच्या मुळाशी हीच अडचण होती. दुसरा घोळ ‘एकोण’चा. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी, ५९. पण कानात ‘साठ’ राहतं आणि हात ६९ लिहून जातो. एकोणऐंशीचंही तेच : ७९ऐवजी ८९.

आता हात उचलून अंक पाहायचे. अंकही देवनागरी की इंग्रजी, हे आधी ठरवावं, कारण एकाच बिलात दोन्ही मिसळलेले आढळतात. देवनागरी १ घाईत इंग्रजी नवासारखा दिसतो आणि देवनागरी ४ इंग्रजी आठासारखा. देवनागरीतल्या देवनागरीत १ आणि ९ यांची गल्लत होते. शंका आली तर त्याच हाताने लिहिलेली तारीख किंवा बिल क्रमांक पाहावा. तिथे तो अंक नेमका कसा काढलाय ते कळतं.

एक नमुना बिल घेऊ. तांदूळ ४० किलो, ५२ रुपये दराने २,०८०. तूरडाळ १२ किलो, १४२ दराने १,७०४. तेलाचा डबा २,१४५. साखर २० किलो, ४४ने ८८०. चहा, मसाला आणि किरकोळ ५५४. एकूणच्या चौकटीत ७,३३६ आणि खाली ‘अक्षरी रुपये सात हजार तीनशे त्रेसष्ट फक्त’. अक्षरांवरून चौकटी भरल्या तर ७, ३, ६३, म्हणजे ७,३६३. अंकांशी फरक २७.

हा फरक ९ने भागून पाहावा. २७ भागिले ९ म्हणजे ३, बाकी शून्य. शेजारचे दोन अंक उलटले की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. अदलाबदल एकक-दशकात झाली असेल, तर भागाकार हा त्या दोन अंकांमधला फरक असतो. इथे ६ आणि ३ यांत तीनचाच फरक आहे. सुटलेलं शून्यही याच चाळणीत अडकतं : ७,०२३ वजा ७२३ म्हणजे ६,३००, नवाच्या पटीत. पण फरक १० आला, तर संशय ‘ऐंशी-ण्णव’ किंवा ‘एकोण’वर जातो, आणि नवाची कसोटी तिथे मदत करत नाही. ही कसोटी चूक कुठल्या जातीची असू शकते एवढंच सुचवते. खरा आकडा कोणता, हे ती सांगत नाही.

ते सांगतात बिलाच्या ओळी. प्रत्येक नग गुणिले दर पुन्हा करून बेरीज घेतली तर २,०८०, १,७०४, २,१४५, ८८० आणि ५५४ मिळून ७,३६३ होतात. अक्षरं बरोबर, अंक उलटलेला.

पण नेहमी असंच होईल, असं नाही. दुकानदार सहसा आधी बेरीज करतो, अंक लिहितो आणि तोच अंक पाहून अक्षरं लिहितो. बेरीजच चुकली असेल, तर अक्षरं ती चूक इमानेइतबारे उतरवतात आणि दोन्ही तंतोतंत जुळतात. अक्षरी ओळ वेगळ्याच कामाची आहे. अंकामागे एक शून्य चिकटवणं किंवा एकाचा सात करणं सोपं असतं, शब्दांत तसं करणं अवघड. शेवटचा ‘फक्त’ किंवा ‘मात्र’ पुढची जागा बंद करतो. शब्दांच्या पुढे कोरी जागा सोडली, तर मात्र ‘वीस’च्या आधी ‘बा’ घालून ‘बावीस’ करता येतं. म्हणून ओळ डाव्या कडेपासून सुरू झालीय का, हेही पाहावं.

चेकच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं कलम १८ सांगतं, की अंक आणि अक्षरं जुळत नसतील तर अक्षरी रक्कम ग्राह्य. हा नियम चेक, हुंडी, वचनचिठ्ठी यांचा आहे. किराण्याच्या बिलाला तो लावून ‘अक्षरात जास्त आहे, तेवढे द्या’ किंवा ‘कमी आहे, तेवढेच घ्या’ म्हणता येत नाही. बिलात मेळ बसला नाही तर ओळींची बेरीज करून ते दुकानदाराकडे न्यावं. चुकीच्या आकड्यावर गिरवून घेऊ नये. एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर रक्कम आणि दुकानदाराची सही घ्यावी, नाहीतर नवं बिल मागावं. पैसे त्यानंतर द्यावेत, कारण पैसे हाती पडल्यावर बिल दुरुस्त करण्याची घाई कुणालाच उरत नाही.