पायऱ्या, रेषा व सर्वांत मोठे अंतर

आम्हांपुढे एका आकृतीचे छायाचित्र आहे. ०.४०, ०.५५, ०.७०, ०.७५ व ०.९० ह्या पाच संख्या ० व १ यांच्या दरम्यान सारख्याच संभवाने पडल्या, असे गृहीत धरले आहे. आकृतीतील तिरपी रेषा ह्या गृहीताची. पायऱ्या प्रत्यक्ष संख्यांच्या. प्रत्येक संख्येपाशी पायरी ०.२० ने चढते.

दोहोंमधील उभे अंतर सर्वांत अधिक कोठे आहे? केवळ पायऱ्यांचे माथे पाहिले तर ०.२० हेच मोठे वाटते. परंतु पायथाही पाहिला पाहिजे. पहिली संख्या येईपर्यंत पायरी शून्यावरच असते, आणि रेषा तेथे ०.४० उंचीवर पोहोचलेली असते. म्हणून खरे अंतर ०.४०.

छायाचित्रात ० ते १ हा उभा अक्ष ८ सेंटिमीटर भरला व हे अंतर ३.२, भागाकार तोच आला. चित्र कलते असल्यास मोजपट्टी कागदाच्या कडेला नव्हे, तर उभ्या अक्षाला समांतर धरावी.

ह्या मापाचा नियम कोल्मोगोरोव्ह यांनी १९३३ साली मांडला. गृहीत खरे असता पाच संख्यांचे अंतर ०.५६ च्या पुढे शंभरांत सुमारे पाच वेळाच जाते. आमचे अंतर त्याच्या आत आहे. तेव्हा गृहीत त्याज्य ठरत नाही, पण सिद्धही होत नाही.